मस्करीची कुस्करी होते तेव्हा



चार माणसे एकत्र आली की थट्टा होणारच आणि ती व्हावीही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात योग्य वेळी केलेल्या खेळकर विनोदाला सद्गुणांमध्ये जागा दिली आहे. त्याच ग्रंथात उपहासाला मात्र त्यांनी पाप म्हटले आहे. त्यांनी केलेला फरक आजही उपयोगी पडतो. एखादी चूक क्षुल्लक आहे म्हणून आपण हसतो, तेव्हा ती थट्टा असते. पण तो माणूसच क्षुल्लक आहे, त्याला लागले तरी काय बिघडते, असे मानून हसलो, तर तो उपहास होतो.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा फरक कसा ओळखावा? समजा, तुये गावातल्या एका तरुणाने रविवारच्या मिस्सात पहिले वाचन केले. वाचन हबक्कूक संदेष्ट्याचे होते. ते नाव उच्चारताना तो दोनदा अडखळला. दुपारी वाचकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले, “आज हबक्कूक वाचताना आमचा वाचकच हबकला!” सगळे हसले. त्यानेही हसणारे चेहरे टाकले आणि लिहिले, “पुढच्या वेळी तू वाच, मग बघू.” इथवर सगळे ठीक आहे. हसणे एका शब्दावर होते आणि त्याला उलट टोला देता आला.

पुढच्या रविवारी तो “हबक्या” झाला. त्याने नाताळच्या तयारीबद्दल काही विचारले तरी उत्तर आले, “हबक्या, हबकू नकोस.” आता चूक मागे पडली आणि नाव माणसाला चिकटले. त्याची उत्तरेही बदलली. आधी वाक्य यायचे, मग नुसता अंगठा, मग तोही नाही. महिन्याभराने वाचकांची यादी करताना त्याने कळवले, “या वेळी मला नको.” आमच्या मते हे शेवटचे चिन्ह सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या कामावरून थट्टा झाली, तेच काम माणूस टाळू लागला, तर मस्करीची कुस्करी झाली असे समजावे.

“पण आम्ही तर प्रेमाने बोललो!” असे यावर हमखास म्हटले जाते. ते खरेही असेल. समोरासमोर आपण डोळे मिचकावतो, खांद्यावर हात टाकतो, आवाज हलका करतो. लिहिलेल्या शब्दांत यातले काहीच जात नाही. 2005 साली अमेरिकेतल्या जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई-मेलवर एक प्रयोग केला. आपले वाक्य गंभीर आहे की उपरोधाचे, हे वाचणाऱ्याला 78 टक्के वेळा कळेल असे लिहिणाऱ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात ते 56 टक्के वेळाच कळले, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते त्याहून थोडेसेच अधिक. म्हणून लिहिणाऱ्याचा हेतू हा पुरेसा पुरावा होत नाही.

उलट, गप्प बसणे हाही पुरावा नव्हे. मोपा विमानतळावर रात्रपाळी असेल, घरात कोणी आजारी असेल, ग्रुप नुसता म्यूट केलेला असेल. म्हणून तर्क करत बसू नये, विचारावे. मात्र ग्रुपवर विचारू नये. “काय रे, रागावलास?” असे सर्वांदेखत विचारले की तो “छे, छे” म्हणणार, आणि विचारणे हीच नवी मस्करी होणार. एकाने खाजगीत फोन करावा किंवा मिस्सा झाल्यावर बाजूला घेऊन म्हणावे, “ते नाव तुला आवडत नसेल असे मला वाटले. मी तरी ते वापरणार नाही.” असे बोलले तर त्याला कबुली द्यावी लागत नाही. “काही नाही रे, मजा आहे” म्हणाला, तरी नाव सोडूनच द्यावे. त्यात कोणाचेच नुकसान नाही.

नाव पाडणाऱ्यालाही असेच एकांतात सांगावे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने चुकणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जायला सांगितले आहे. सांगितल्यावर तो काय करतो ते पाहावे. ज्याची थट्टा मैत्रीची होती, तो “अरे, लक्षातच आले नाही” म्हणून थांबतो. “एवढे काय मनाला लावून घ्यायचे?” म्हणून जो चालूच ठेवतो, त्याच्या बाबतीत थट्टा आणि उपहास यांचा निवाडा झाला. तेव्हा अॅडमिनने तसे संदेश काढून टाकावेत आणि हे नाव इथे चालणार नाही असे एका ओळीत लिहावे.

हे वेळेत करावे. 2022 पासून ग्रुप सोडणाऱ्याची सूचना फक्त अॅडमिनना जाते. बाकीच्यांना तशी सूचना मिळत नाही. वाचनाच्या यादीतले त्याचे नाव मात्र रिकामे राहते.

त्याला पुन्हा वाचन द्यायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी कोणीतरी त्याच्यासोबत बसून अवघड नावे दोनदा वाचून घ्यावीत.