अनुभवाच्या रकान्यातील ‘नाही’

परवा अंबाजोगाईच्या एका कापड व्यापारी कुटुंबातील कन्या आपला बायोडाटा घेऊन आली. बी.एड. नुकतेच झालेले, खासगी शाळेत सहावी ते आठवीसाठी गणित शिक्षिकेची जागा निघालेली. आरंभीच वडिलांचे दुकान, मामांचे गाव, उंची. वधूवर परिचय पुस्तिकेचा साचा आपल्या घरांत असा मुरला आहे! अनुभवाच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता : ‘नाही’.

तो शब्द खरा नव्हता. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये सुमारे 20 आठवडे शाळेत काढावे लागतात. त्यास आंतरवासिता म्हणतात. मी तिला पाठटाचणांची वही आणि कृतिसंशोधनाचा अहवाल आणावयास सांगितले. सहावीतील काही मुले अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश व छेदात छेद मिळवीत, हे तिने हेरले होते. कागदाच्या पट्ट्या दुमडून तिने समच्छेद शिकविला आणि आधी व नंतर चाचणी घेतली. बायोडाट्यात यातील काय होते? ‘अध्यापनाची आवड’, एवढेच.

आम्ही अहवालातून नोंद उतरविली : ‘जिल्हा परिषद शाळा, इयत्ता सहावी, गणित. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. पट्ट्यांच्या साहाय्याने 8 तासिका. दोन्ही चाचण्यांस उपस्थित 22 विद्यार्थी; सर्व उदाहरणे अचूक सोडविणारे आधी 7, नंतर 16.’

वर्ग 28 मुलांचा होता. दिवाळीनंतर सहा मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडणीस गेली. तिला ही सहा मुले लपवावीशी वाटत होती. मी आग्रहाने लिहावयास लावले : ‘6 विद्यार्थी स्थलांतरामुळे दुसऱ्या चाचणीस अनुपस्थित.’ बीडचा मुख्याध्यापक हे वाक्य वाचून थबकेल, कारण त्याचा वर्गही असाच रिता होतो. आणि ‘मग त्या मुलांसाठी काय केलेत?’ असेही विचारील. तिने त्यांच्या हाती सरावाचे कागद दिले होते. परतल्यावर किती सोडविले, हे तिला ठाऊक नव्हते. तेव्हा तो दावा लिहिला नाही. ‘वर्गाची प्रगती दुपटीहून अधिक’ हे वाक्यही मी खोडले. 22 मुलांच्या एका घटकाचा हिशेब म्हणजे वर्गाची प्रगती नव्हे.

पुढचे काम सोपे होते. नावाखाली विषय, बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण झाल्याचे वर्ष. कारण सहावी ते आठवीसाठी तोच पेपर पाहतात. मग आंतरवासितेची नोंद. कौशल्यांत ‘संगणकाचे ज्ञान’ काढून ‘गुणपत्रक व हजेरीचा तक्ता एक्सेलमध्ये तयार करते’ असे लिहिले. दुकानाची उधारी ती त्यातच मांडत आली आहे. मार्गदर्शक प्राध्यापिकेचे नाव त्यांना विचारूनच घातले.

कागद एका पानात मावला. उंची गेली, मामांचे गाव गेले. आजीला ते थोडे खटकले. मुलाखतीस जाताना अहवालाची मूळ प्रत पिशवीत ठेव, एवढे मी तिला बजावले आहे.