सूर बदला, माहिती नको

2016 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने दिवाळीचं तिकीट काढलं. 5 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमधल्या भारतीय वकिलातीत त्याचं प्रकाशन झालं. सोनेरी रंगावर एक पेटलेली पणती आणि 'फॉरेव्हर' हा शब्द. किंमत तेव्हा 47 सेंट होती. समजा, ही बातमी आपल्याला तीन ठिकाणी द्यायची आहे. कशी द्याल?

इन्स्टाग्रामवर चित्र आधी दिसतं, म्हणून पणतीचं वर्णन नको. घरच्यांशी बोलतो तसं लिहा: 'या दिवाळीत टेक्ससच्या आत्याला मेसेज नको, पत्र पाठवूया! पाकिटावर आपली पणती लावूया.'

लिंक्डइनवर लोक कामाबद्दल वाचतात. तिथे काम कोणी केलं ते सांगा: 'या तिकिटासाठी रंजू बत्रा यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. छायाचित्र सॅली अँडरसन-ब्रूस यांचं, रचना ग्रेग ब्रीडिंग यांची.' इथे 'कसलं भारी!' शोभत नाही.

एक्सवर साध्या खात्याला 280 अक्षरांची मर्यादा असते. तिथे काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजतात. 'दिवाळी' आपल्याला तीन अक्षरी वाटते, तिथे ती सहा होते! म्हणून थोडक्यात: 'दिवाळीचं तिकीट आलं. 47 सेंट. 5 ऑक्टोबरपासून.'

सूर तीन, बातमी एक. पण सूर बदलताना माहितीही हळूच बदलते, आणि मला वाटतं, खरा धोका तिथेच आहे.

इन्स्टाग्रामवर 'टेक्ससच्या आत्याला'ऐवजी 'पुण्याच्या आजीला' लिहिलं, तर वाक्य जास्त गोड होतं. पण ते चुकीचं ठरतं. हे एक तिकीट अमेरिकेतल्या एक औंसापर्यंतच्या पत्रासाठी आहे. भारतात पत्र पाठवायला जास्त पैसे लागतात. एवढ्या एका तिकिटावर आजीचं पत्र पोचेलच असं नाही!

एक्सवर जागा वाचवायला कोणी लिहील, 'कायम 47 सेंट'. हेही चूक. 'फॉरेव्हर' म्हणजे आज घेतलेलं तिकीट दर वाढल्यावरही चालतं. पण नवं तिकीट घ्यायचं, तर नवा दर द्यावा लागतो. कायम राहतो तो तिकिटाचा उपयोग, किंमत नाही.

म्हणून माझं मत असं: एक्सचा मजकूर सगळ्यात आधी लिहा. जागा कमी असली की नक्की काय सांगायचं आहे ते ठरवावंच लागतं. मग त्याच माहितीवर बाकीचे दोन लिहा. शेवटी तिन्ही शेजारी ठेवा आणि किंमत, तारीख आणि वचन यांच्याखाली रेघ मारा. एखादी गोष्ट एका ठिकाणी नसली तर चालेल. पण दोन ठिकाणी वेगवेगळी दिसली, तर तो सूर नाही, ती चूक आहे.