डीएपी की सुपर? सोयाबीनच्या एका एकराचा हिशेब

मृगाचा पाऊस पडला की अकोला-अमरावतीच्या कृषी केंद्रांवर पहिला प्रश्न एकच असतो : डीएपी आली का? आली नसेल तर माणूस चार गावे फिरतो, सावकाराकडून उचल करून वरचा भाव देतो, आणि त्याच दुकानाच्या मागच्या भिंतीला सुपर फॉस्फेटच्या थप्प्या लागलेल्या असतात. दोन्ही खते चांगली आहेत. पण कोरडवाहू सोयाबीनसाठी दोन्ही शेजारी ठेवून नीट मोजणी आपण करत नाही, आणि ती दुकानातल्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी झाली पाहिजे, हे माझे म्हणणे आहे.

१. तुलना पिशवीशी पिशवीची करू नये. डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोत स्फुरद १६ टक्के, म्हणजे फक्त ८ किलो. नत्र अजिबात नाही, पण गंधक ११ टक्के, म्हणजे साडेपाच किलो. पिशवी एक, दाम कमी, म्हणून सुपर स्वस्त असे म्हणणारा फसतो. आणि पिशवीत माल कमी म्हणून ती हलकी असे म्हणणाराही फसतो. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद धरले तर एकराला २४ किलो लागते. ते एका डीएपीतून जवळपास येते, किंवा सुपरच्या तीन पिशव्यांतून पुरते येते. डीएपीतले ९ किलो नत्र सुपरच्या बाजूला हवे असेल तर २० किलो युरिया जोडावा लागतो. पालाश दोन्हीकडे वेगळेच द्यायचे असल्याने ते या हिशेबातून बाजूला ठेवू.

२. आता रुपये. डीएपीची पिशवी १३५० रुपयांना, युरियाची ४५ किलोची पिशवी २६६.५० रुपयांना. सुपरचा भाव कंपनीगणिक आणि हंगामागणिक बदलतो, म्हणून उदाहरणासाठी ५०० रुपये धरू. तुमच्या पिशवीवर छापलेला आकडा तिथे घाला. तीन सुपर १५०० आणि २० किलो युरिया ११८, मिळून १६१८ रुपये. डीएपीपेक्षा २६८ रुपये जास्त. इथवर डीएपी पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

पण या २६८ रुपयांत सुपरबरोबर साडेसोळा किलो गंधकही आले. त्यातले सगळे पिकाला लागते असे धरून गणित फुगवू नये. सोयाबीनला गंधकाची शिफारस हेक्टरी २० किलोची, म्हणजे एकरी ८ किलोची आहे, तेवढेच मोजू. डीएपी वापरणाऱ्याला हे ८ किलो ९० टक्क्यांच्या बेंटोनाइट गंधकातून घ्यायचे तर सुमारे ९ किलो माल लागेल. तो २६८ रुपयांत बसायचा तर किलोचा भाव ३० रुपयांच्या आत हवा. बाजारात तो त्याहून वर असतो. म्हणून ज्या शेताला गंधक हवे, तिथे सुपर पुढे जाते. बेंटोनाइट ७० रुपये किलो धरले तर सुपरची पिशवी साधारण ६२० रुपयांपर्यंत गेली तरी ती परवडते. त्यापुढे डीएपी आणि गंधक वेगळे घेणे बरे.

३. गंधक हवे की नको हे अंदाजाने ठरवू नये. मृदा आरोग्य पत्रिकेत गंधकाचा रकाना असतो; उपलब्ध गंधक दहा लाखांत दहा भागांच्या खाली असेल तर शेत उपाशी समजावे. उभ्या पिकातही खूण दिसते. गंधक कमी पडले की वरची, कोवळी पाने आधी फिकट पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात. सोयाबीन तेलाचे आणि प्रथिनांचे पीक आहे, आणि त्या प्रथिनांतली काही अमिनो आम्ले गंधकाशिवाय बनतच नाहीत. पत्रिकेत गंधक पुरेसे निघाले तर मात्र या लढतीत डीएपी जिंकते. तिथे सुपरवर जास्तीचे पैसे घालण्याचे कारण उरत नाही.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सुपरबद्दल एक चुकीची आशा ऐकू येते. सुपरमध्ये जिप्सम असते, म्हणून जमीन सुधारेल असे सांगितले जाते. जिप्सम असते हे खरे. पण चोपण जमीन सुधारायला एकराला क्विंटलांनी, कधी टनांनी जिप्सम लागते; तीन पिशव्यांतून ते काम होत नाही. खरेदीच्या हिशेबात हे कारण धरू नये.

४. हाताळणीत डीएपी सरळ जिंकते. पन्नास किलो उचलायचे की दीडशे आणि वर युरिया, हा हमालीचा आणि ट्रॅक्टरच्या फेरीचा प्रश्न आहे. पेरणी यंत्राचा खताचा डबा सुपरने लवकर रिकामा होतो आणि तासाच्या टोकाला पुन्हा भरावा लागतो. भुकटीची सुपर दमट हवेत नळीत अडकते. म्हणून दाणेदारच घ्यावी. सुपर आणि युरिया एकत्र करून रात्रभर ठेवले की मिश्रण ओलसर, चिकट होते आणि यंत्रातून एकसारखे पडत नाही. मिसळायचे असेल तर पेरणीच्या तासाभर आधीच मिसळावे, किंवा वेगवेगळे द्यावे. डीएपीची जोखीम वेगळी आहे. बियाण्याला लागून पडली तर तिचा अमोनिया कोवळ्या अंकुराला इजा करतो. दोन्ही खते बियाण्याच्या चार-पाच सेंटिमीटर खाली किंवा बाजूला पडावीत. काळ्या चुनखडीयुक्त रानात फेकून दिलेले स्फुरद मातीशी लवकर बांधले जाते, म्हणून ओळीत दिलेले जास्त कामी येते.

५. कंपनीचे नाव या निकालात येऊ नये. २०२२ पासून अनुदानित खतांच्या पिशव्यांवर 'भारत डीएपी', 'भारत एसएसपी' असे एकच नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते. किमान प्रमाण १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने सगळ्यांना सारखेच बांधून दिले आहे. तरी अमुक कंपनीचीच डीएपी हवी, म्हणून शेतकरी रांगेत थांबतो. खरी भीती बनावट मालाची आहे, आणि त्याची ओळख घरी होते. डीएपीचे दाणे तळहातावर चुन्यासोबत तंबाखूसारखे मळले की नाकाला झोंबणारा वास येतो. मंद आचेवरच्या तव्यावर दाणे फुगतात. सुपरचे दाणे तव्यावर फुगत नाहीत. काळपट-तपकिरी, कडक दाणे 'डीएपी' म्हणून आले आणि तव्यावर तसेच राहिले तर ती पिशवी बाजूला ठेवावी, पावती जपावी आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे नमुना काढण्याची लेखी मागणी करावी. घरच्या चाचणीतून टक्केवारी कळत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. खत नियंत्रण प्रयोगशाळा अमरावतीतच आहे.

६. म्हणून माझा निकाल असा : गंधक कमी असलेल्या कोरडवाहू सोयाबीनला दाणेदार सुपर आणि थोडा युरिया, गंधक पुरेसे असलेल्या किंवा मजुरीची चणचण असलेल्या शेताला डीएपी. हा निकाल प्रत्येकाने घरी कागदावर काढावा अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. साठा आणि भाव फळ्यावर लावणे विक्रेत्यावर आधीच बंधनकारक आहे. अकोला आणि अमरावतीच्या जिल्हा कृषी अधिकाऱ्यांनी त्याच फळ्यावर आणखी एक ओळ सक्तीची करावी : '२४ किलो स्फुरद, एक एकर : डीएपीतून इतके रुपये, सुपर आणि युरियातून इतके, सोबत गंधक इतके किलो.' भाव बदलला की ओळ बदलायची. डीएपी मागणाऱ्याच्या माथी दुसरा माल मारला जातो, ती तक्रारही मग कमी होईल. कारण ज्याला शेजारच्या थप्पीचा हिशेब समोर दिसतो, त्याला डीएपीसाठी नको तो माल विकत घ्यावा लागत नाही. हे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाले पाहिजे. जूनमध्ये रांगा लागल्यावर फळा वाचायला कोणाला वेळ नसतो.