तुलना कालच्या पानाशी नको

अ‍ॅमेझॉनवर एका वस्तूचे पान एकच असते आणि ती विकणारे सगळे त्याच पानाला जोडलेले असतात. प्रत्येकाने पाठवलेल्या माहितीतून कोणाची दाखवायची, हे तिथली यंत्रणा ठरवते. समजा, अकोल्याच्या एका डाळमिलची अनपॉलिश तूरडाळ 1 किलोच्या पाकिटात विकली जाते. दुसरा कोणी त्याच पानाला जोडून घेतो, शीर्षकातला ‘अनपॉलिश’ शब्द काढतो आणि `unit_count` मध्ये 1000 ग्रॅमऐवजी 500 भरतो. किंमत तीच राहिली, तरी ग्राहकाला प्रति ग्रॅम दर दुप्पट दिसतो. बाजारपेठेवर निव्वळ वजन बरोबर दाखवण्याची जबाबदारी वैधमापन नियमांनी विक्रेत्यावर टाकलेली आहे, म्हणजे दुसऱ्याच्या खोडीचा जाब मिलवाल्याला द्यावा लागू शकतो.

हे पकडण्यासाठी अनेकांच्या स्क्रिप्ट आजचे पान कालच्या पानाशी ताडतात, आणि आमच्या मते चूक इथेच होते. सोमवारी डाळीचे वजन बदलले तर मंगळवारी एक इशारा येतो. तो निसटला की बुधवारी मंगळवारचे बिघडलेले पानच ‘काल’ ठरते आणि स्क्रिप्ट गप्प बसते. तुलना नेहमी मालकाने तपासून मान्य केलेल्या मूळ प्रतीशी हवी आणि ती प्रत माणसानेच बदलावी. म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक फेरीत इशारा येत राहतो. `0 */4 * * *` अशी क्रॉन नोंद केली की दिवसातून सहा फेऱ्या होतात. लहान विक्रेत्याला तेवढ्या पुरेत. माहिती मात्र `getCatalogItem` मधून घ्यावी. `getListingsItem` च्या `attributes` मध्ये आपणच पाठवलेला मजकूर परत मिळतो, त्यामुळे पान बिघडले तरी तिथे सारे ठीकच दिसते.

यावर पहिला आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा, आणि तो रास्त आहे. जादा मोकळी जागा किंवा मुद्द्यांचा क्रम बदलला म्हणून रात्री फोन वाजू लागला, तर आठवडाभरात कोणी पाहणार नाही. म्हणून मोकळ्या जागा आणि अक्षररूपे आधी एकसारखी करून घ्यावीत. चित्राचा दुवा ताडू नये. तेच चित्र पुन्हा चढवले तरी दुवा बदलू शकतो. चित्रातल्या दृश्यावरून काढलेला हॅश ताडावा. वजन, ब्रँड आणि मुख्य चित्र बदलले तर तत्काळ कळावे, बाकीचे सकाळच्या यादीत आले तरी चालेल. अ‍ॅमेझॉनकडून उत्तरच आले नाही, तर त्याची नोंद ‘मजकूर पुसला’ अशी न करता ‘तपासता आले नाही’ अशी करावी.

ब्रँड रजिस्ट्री असताना हे कशाला, हा दुसरा आक्षेप. नोंदणीमुळे ब्रँडमालकाच्या माहितीला वजन येते आणि `BRANDED_ITEM_CONTENT_CHANGE` ही सूचनाही मिळू शकते, पण ती बदल झाल्याचे सांगते. पान आज मूळ प्रतीप्रमाणे आहे का, हे सांगत नाही. शिवाय वऱ्हाडातले अनेक विक्रेते दुसऱ्यांचे ब्रँड विकतात, त्यांना हा आधार नाहीच.

स्क्रिप्टलाही एक मर्यादा आहे: बदल कोणी केला, हे तिला कळत नाही. तो दुसऱ्या विक्रेत्याचा असेल, अ‍ॅमेझॉनचा असेल किंवा आपल्याच जुन्या फाइलमधूनही आलेला असेल. तेव्हा तक्रारीत कोणाचे नाव घेण्याआधी आपल्या अपलोडची नोंद तपासावी, आणि वेळेसह जपलेले आधीचे व नंतरचे मूळ उत्तर, पाकिटाच्या छायाचित्रासह, सोबत जोडावे.