चौथं कडवं झाकून

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला, तेव्हा हैदराबादेत अफझलगंजच्या एका चिंचेवर चढून सुमारे १५० माणसं वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही उभं आहे.

त्या चिंचेवर कुणी चार कडव्यांची कविता पाठवली, असं समजा. पहिल्यात फांदीला बांधलेलं लुगडं, दुसऱ्यात खालून वाहत जाणारा पाळणा, तिसऱ्यात पूर ओसरल्यावर गाळात रुतलेली चप्पल. चौथं सांगतं की निसर्ग क्रूर आहे, पण माणुसकी अमर.

संपादकानं चौथं कडवं हातानं झाकून वाचावं. पाळणा आणि चप्पल दिसतच राहतात. जातात ती फक्त ‘क्रूर’ आणि ‘अमर’ ही दोन विशेषणं. मग कात्री लावावीच.

बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची. तिच्यातल्या झाडाचा अर्थ समीक्षक आजवर निरनिराळा लावत आले, कारण तो सांगणारी नववी ओळ बालकवींनी लिहिलीच नाही.

मात्र पुराचा उल्लेख फक्त चौथ्या कडव्यातच असेल, तर तो आधी शीर्षकात न्यावा लागतो. नाहीतर उरलेली तीन कडवी कोडं होऊन बसतात. आणि हे सगळं कवीला विचारून, छपाईच्या आधी.