वेळापत्रकाला जात नसते म्हणे!

विद्यापीठाचा पेपर आणि नेट एकाच दिवशी आले की परीक्षा विभागातून एक ठरलेलं उत्तर मिळतं: "दोन्हीपैकी काय द्यायचं ते तुम्ही ठरवा." ऐकायला हे उत्तर समतेचं वाटतं. नियम सगळ्यांना सारखा, तारीख सगळ्यांना सारखी, निवडही सगळ्यांना सारखी. माझं म्हणणं असं आहे की ही निवड सारखी नाही, आणि म्हणून तारीख बदलून मागणं म्हणजे सवलत मागणं नव्हे.

आधी नेटवर काय काय टांगलेलं आहे ते पाहू. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थीही ती देऊ शकतात. तिच्यातून जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपची निवडही याच परीक्षेच्या गुणांवरून होते. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही नेटचे गुण धरायला सुरुवात झाली. जेआरएफ न मिळालेल्यांसाठी या गुणांना ७० टक्के वजन आहे, मुलाखतीला ३०. आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे एक नेट हुकली की सहा महिने जातात, आणि विभागातले प्रवेश त्याच काळात उरकले तर पूर्ण वर्ष जातं.

ज्याच्या घरी आईवडील प्राध्यापक किंवा अधिकारी आहेत, त्याच्यासाठी हे वर्ष म्हणजे तयारीचं आणखी एक वर्ष. आपल्याकडे मात्र एम.ए. संपलं की घरून विचारणा सुरू होते, "आता पुढं काय?" जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, आरक्षित प्रवर्गांना आणि स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सूट आहे. पण कागदावर पाच वर्षांची सूट असली तरी घरात एका वर्षाचीही नसते. मुलीच्या बाबतीत तर ते वर्ष बहुतेकदा स्थळं बघण्यात जातं.

दुसरी बाजूही तेवढीच महाग आहे. नेट दिली आणि सेमिस्टरचा पेपर सोडला, तर गुणपत्रिकेवर गैरहजर असा शेरा येतो आणि विषय बॅकलॉगला जातो. तो सुटेपर्यंत पदवी पूर्ण होत नाही. पदवी नाही तर नेटमध्ये मिळालेले गुणही प्रवेशाच्या वेळी हातात धरून बसायचे. तेव्हा "तुम्ही ठरवा" याचा अर्थ एवढाच, की कोणतं नुकसान सोसायचं ते तुम्ही ठरवा.

आता "तारीख बदलताच येत नाही" या म्हणण्याकडे येऊ. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे यूपीएससीची पूर्वपरीक्षा २६ मेवरून १६ जूनला गेली. नेटही १६ जूनलाच ठरली होती. उमेदवारांनी निवेदनं दिली आणि नेट १८ जूनला नेण्यात आली. नऊ लाखांहून जास्त उमेदवार बसलेली, देशभर शेकडो शहरांत होणारी परीक्षा दोन दिवसांनी सरकली. (ती पुढं दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, पण त्याचं कारण तारीख नव्हतं.) जानेवारी २०२५ मध्ये पोंगल आणि मकर संक्रांतीमुळे १५ तारखेची नेट पुढं ढकलली गेली. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये आयबीपीएसची परीक्षा त्याच दिवशी आल्यामुळे पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एमपीएससीनं २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढं ढकलली. लाखो उमेदवारांच्या परीक्षा सरकतात, आणि ज्या पेपरला चाळीस विद्यार्थी बसतात तो पदव्युत्तर विभागाचा एक पेपर मात्र दगडावर कोरलेला असतो, हे कसं मान्य करायचं?

विद्यापीठांना अपवाद करण्याची सवय नाही, असंही नाही. राष्ट्रीय स्पर्धेला गेलेल्या खेळाडूसाठी, एनसीसीच्या शिबिराला गेलेल्या छात्रासाठी वेगळी परीक्षा घेण्याची तरतूद अनेक विद्यापीठांत आहे, आणि ती योग्यच आहे. विद्यापीठाचं नाव मोठं करायला गेलेल्या मुलाचं नुकसान होऊ नये, हा त्यामागचा विचार. मग नेट उत्तीर्ण विद्यार्थ्यांची संख्या नॅकच्या अहवालात मिरवणारं विद्यापीठ नेटला जाणाऱ्या मुलीला कोणत्या तोंडानं गैरहजर ठरवतं?

खरी मेख मात्र पुराव्यात आहे, आणि आपली मुलं तिथंच हरतात. नेटची जाहिरात येते तेव्हा तिच्यात फक्त परीक्षेचा कालावधी दिलेला असतो. कोणत्या विषयाची परीक्षा कोणत्या दिवशी, हे नंतर कळतं. परीक्षेचं शहर सांगणारी स्लिप साधारण आठ-दहा दिवस आधी येते आणि प्रवेशपत्र अगदी शेवटच्या काही दिवसांत. विद्यापीठ म्हणतं, "प्रवेशपत्र आणा, मग अर्ज घेऊ." प्रवेशपत्र आणलं की म्हणतं, "आता फार उशीर झाला, प्रश्नपत्रिका छापून सीलबंद झाल्या." पहिलं वाक्यही नियमाचं, दुसरंही नियमाचं. दोन्ही मिळून मात्र अर्जाला वेळच उरत नाही.

आमच्या विभागात एकदा असंच झालं. समाजशास्त्राची नेट मंगळवारी सकाळच्या सत्रात होती. एम.ए.चा पेपर सोमवारी दुपारी दोन ते पाच. परीक्षा विभागानं तारखा पाहिल्या आणि सांगितलं, "क्लॅशच नाही, दिवस वेगळे आहेत." तारखांच्या हिशोबानं ते खरं होतं. पण एका विद्यार्थिनीला केंद्र आलं होतं अडीचशे किलोमीटरवर. पाच वाजता पेपर संपवून स्टँडवर जायचं, मिळेल ती एसटी पकडायची, मध्यरात्रीनंतर अनोळखी शहरात उतरायचं, रात्र स्टँडवर काढायची आणि नऊच्या परीक्षेसाठी साडेसात वाजता केंद्राच्या फाटकावर उभं राहायचं. तिच्या वर्गातला दुसरा एक जण त्याच केंद्रावर वडिलांच्या गाडीनं गेला आणि रात्री हॉटेलात झोपला. दोघांचं वेळापत्रक तंतोतंत एकच होतं. वेळापत्रकाला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी हा सोमवार डोळ्यासमोर आणावा. केंद्रापर्यंतचं अंतर, राहण्याची सोय आणि रात्रीच्या प्रवासाची भीती ही क्लॅशच्या व्याख्येत धरलीच पाहिजेत.

त्या वेळी विभागातल्या विद्यार्थ्यांनी "परीक्षा पुढं ढकला" अशी मागणी केली नाही. एकच पेपर त्याच वेळापत्रकातल्या मोकळ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी घ्या, असं लिहून दिलं. ते जमत नसेल तर बाधित विद्यार्थ्यांसाठी शेवटच्या पेपरनंतर आठवडाभरात वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर विशेष परीक्षा घ्या, असा दुसरा पर्याय दिला. पेपर गुरुवारी गेला. एकही निकाल लांबला नाही.

यातून मागणी कशी करायची ते स्पष्ट होतं. विषयवार तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी अर्ज द्यायचा, प्रवेशपत्राची वाट पाहायची नाही. सोबत जाहीर सूचनेची प्रत, प्रत्येक विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक, पेपरचा कोड आणि नेटचा अर्ज क्रमांक असा एकच तक्ता जोडायचा. शहराची स्लिप आली की ती पुरवणी म्हणून द्यायची, आणि प्रवासाचं अंतर व पोहोचण्याची वेळ तिच्यात लिहायची. अर्ज विभागप्रमुखांच्या शिफारशीनं परीक्षा विभागाच्या प्रमुखाकडे जातो. महाराष्ट्रात हे पद परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांचं, बऱ्याच ठिकाणी परीक्षा नियंत्रकांचं. तोंडी "बघतो" यावर परत यायचं नाही. आवक क्रमांक घ्यायचा आणि नकार असेल तर तो कारणासह लेखी मागायचा. मागच्या तीन वर्षांत किती पेपरच्या तारखा बदलल्या आणि कोणत्या कारणांनी, हे माहिती अधिकारात विचारायचं. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच टाकून ठेवायचा. आधी तारखा बदलल्याचं कागदावर आलं, की "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे वाक्य संपतं.

विरोधातला एक मुद्दा खरा आहे आणि तो टाळू नये. तारीख बदलली की त्याचा भार कुणावर तरी पडतोच. तोही बहुतेकदा आपल्यातल्याच कुणावर, ज्यानं तिकीट काढलेलं असतं, ज्याची मेस बंद होणार असते, ज्याला खोलीचं आणखी आठ दिवसांचं भाडं परवडत नाही. २०२४ मध्ये एमपीएससीचा निर्णय परीक्षेच्या जेमतेम तीन दिवस आधी आला. मागणी मान्य झाली, पण गावाकडून आलेल्यांचा खर्च झाला तो झालाच. म्हणून शेवटच्या क्षणी दिलेली मुदतवाढ ही आपली मागणी असू नये. पदवीच्या पहिल्या वर्षाचा, शेकडो महाविद्यालयांत एकाच वेळी होणारा पेपर हलवणं खरोखरच अवघड असतं. तिथं तारीख बदलण्याचा हट्ट सोडून बाधितांसाठी विशेष परीक्षा मागावी. पदव्युत्तर विभागाच्या पेपरला मात्र ही सबब चालत नाही.

कायमचा उपाय अगदी साधा आहे. परीक्षा विभागानं वेळापत्रक काढण्याआधी नेटचा जाहीर झालेला कालावधी आणि यूपीएससी, राज्य लोकसेवा आयोगांची वार्षिक वेळापत्रकं समोर ठेवावीत. त्या कालावधीत पदव्युत्तर पेपर ठेवणं टाळता येत नसेल, तर दोन राखीव दिवस वेळापत्रकातच छापावेत. प्रवेशपत्राऐवजी जाहीर सूचना हा पुरावा म्हणून स्वीकारावा. आणि ज्यांचं केंद्र दूर आहे त्यांच्यासाठी आदला दिवसही क्लॅशमध्ये धरावा. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. ते परिपत्रक निघत नाही, कारण वेळापत्रक बनवणाऱ्यांच्या घरातल्या कुणाची रात्र एसटी स्टँडवर जात नाही.