शाल कशाला? टपालखर्च द्या

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राच्या पहिल्या पुस्तकाचे प्रकाशन झाले, तेव्हा मी व्यासपीठावर होतो. मित्र निवृत्त मराठी शिक्षक. पुस्तक गावातल्या बावखलांच्या, वाड्यांच्या आणि रहाटांच्या आठवणींचे. सभागृह भरलेले होते. भाषणे झाली, फीत सुटली, टाळ्या पडल्या आणि मग सत्कारांची रांग लागली. ती रांग प्रकाशनाच्या मुख्य समारंभापेक्षा लांबली. एकतीस शाली आणि अठरा पुष्पगुच्छ मी स्वतः मोजले. एकतिसावी शाल माझी होती. शाल पांघरून झाल्यावर मी हसत म्हणालो, "सर, आता आम्हांला प्रेमाची एक प्रत!" आणि त्याने ती सही करून दिली.

वर्षभराने त्याच्या घरी गेलो. खाटेखाली पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. तळच्या खोक्याला वाळवी लागली होती. वर शाली पसरल्या होत्या. तो म्हणाला, "फादर, शाली वाया गेल्या नाहीत. पुस्तकांवर धूळ बसू देत नाहीत." तो हसला, मला हसता आले नाही.

वाचकहो, त्या दिवशी आम्ही बसून हिशेब मांडला. तो येथे देतो, कारण आपल्याकडे पुस्तकाच्या कौतुकाची भाषणे पुष्कळ होतात, हिशेब कोणी सांगत नाही. पाचशे प्रती छापल्या, खर्च ४५,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे नव्वद. छापील किंमत दोनशे. समारंभात सवलतीने दीडशे रुपयांप्रमाणे १४० प्रती गेल्या, त्याचे २१,०००. दुकानदाराने चाळीस टक्के सूट घेऊन वीस प्रती विकल्या, त्याचे २,४००. "प्रेमाच्या" प्रती गेल्या १२०. उरल्या २२०. निवृत्तिवेतनातून जमवलेल्या पैशातले २१,६०० रुपये परत आले नाहीत, आणि त्यांतले निम्मे, १०,८०० रुपये, आम्ही फुकट मागून नेलेल्या प्रतींचे होते. उलट बाजूला, शाल अडीचशेची व गुच्छ दोनशेचा धरला तर मित्रांनी त्या संध्याकाळी ११,३५० रुपये खर्च केले होते. एका पाकिटामागे शंभर रुपये टपाल धरले, तरी तेवढ्या पैशांत ते पुस्तक एकशे तेरा अनोळखी ठिकाणी पोहोचले असते. आम्ही मित्राचा सन्मान केला आणि त्याचे पुस्तक खाटेखाली ढकलले.

कोणी म्हणेल, शाल हे आदराचे चिन्ह आहे, त्याचे मोल पैशात का करता? मी आदराच्या विरुद्ध नाही. पण शाल माणसाच्या खांद्यावर पडते, पुस्तकावर नव्हे. पन्नास वर्षे सेवा करून निवृत्त होणाऱ्यालाही आपण तीच शाल देतो आणि निवडणूक जिंकणाऱ्यालाही तीच. ज्या भेटीसाठी पुस्तक उघडावेच लागत नाही, ती पुस्तकाच्या दिवशीची भेट कशी म्हणावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: "आम्ही प्रती विकत घेतो, आणखी काय करायचे?" घ्याव्यात, जरूर घ्याव्यात, आणि पूर्ण किमतीला घ्याव्यात. पण मित्राच्या प्रेमापोटी गठ्ठ्याने घेतलेल्या प्रती हा फसवा आधार आहे, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एकदा एका नव्या लेखकाच्या पन्नास प्रती मी बक्षीस समारंभासाठी घेतल्या आणि न वाचणाऱ्या मुलांना वाटल्या. पुढे रद्दीच्या दुकानात त्यांतल्या तीन मला सापडल्या, लेखकाच्या सहीसकट. लेखकाला मात्र वाटले की पुस्तकाला मागणी आहे. त्याने दुसरी आवृत्ती काढली आणि ती पडून राहिली. विक्रीचा आकडा आणि वाचकांचा आकडा यांत मित्रच अंतर पाडतात, आणि भुर्दंड लेखकाला पडतो.

मग द्यावे काय? गेल्या वर्षी एका परिचारिका भगिनीचा पहिला कवितासंग्रह निघणार होता. आम्ही सहा जणांनी ठरवले की शाल नाही, गुच्छ नाही. प्रत्येकाने एक काम भेट द्यायचे. समारंभात तिच्या हाती एक पाकीट दिले. त्यात सहा चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येकीवर कामाचे नाव व ते पुरे करण्याची तारीख लिहिलेली होती.

पहिली भेट तर समारंभाच्या आधीच देऊन झाली होती. आमच्यापैकी दोघांनी अंतिम मुद्रिते तपासली, आणि तीही डोळ्यांनी नव्हे, मोठ्याने वाचून; एकाच्या हाती हस्तलिखित, दुसऱ्याच्या हाती मुद्रित. लेखकाला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याला ओळ पाठ असते. अशा वाचनात एका कवितेतले अख्खे कडवे गळालेले सापडले, आणि अनुक्रमणिकेतले चार पृष्ठांक चुकलेले निघाले. छपाईनंतर त्याच चुकांसाठी शुद्धिपत्र चिकटवत बसावे लागले असते.

दुसरी भेट कागदोपत्री, म्हणून कोणाला सुचत नाही. १९५४ च्या पुस्तक-प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत, आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक छापणारा लेखक स्वतःच प्रकाशक असतो, हे त्याच्या ध्यानी नसते. मग देशाच्या ग्रंथसंग्रहात त्याच्या पुस्तकाची नोंदच राहत नाही. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे विभाग आहेत. पहिल्या काव्यसंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. तेथे पुस्तक कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाले हे पाहिले जाते आणि प्रवेशिकेची मुदत असते. डिसेंबरात छापून आतल्या पानावर वर्ष कोणते घालायचे, हा प्रश्न समारंभाच्या हारांपेक्षा महत्त्वाचा आहे. आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनाने ही पाचही पाकिटे वेळेत पाठवली व पोचपावत्या एका वहीत डकवून भगिनीच्या हाती दिल्या. बक्षीस मिळाले नाही. पण पुस्तक रांगेत उभे तरी राहिले.

तिसरी भेट ग्रंथालयांची. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ग्रंथालयाला प्रत देणे म्हणजे पुस्तक वाचकांसमोर येणे नव्हे. भेट आलेली पुस्तके पुष्कळदा टेबलाखाली ढिगात पडून राहतात. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला, पाठीवर चिठ्ठी लागली आणि पुस्तक कपाटात उभे राहिले, म्हणजेच ते ग्रंथालयात आले. म्हणून दोघांनी पूर्ण किमतीला चाळीस प्रती विकत घेऊन चाळीस ग्रंथालयांना दिल्या आणि प्रत्येक प्रतीत स्वतःचा पत्ता लिहिलेले कार्ड ठेवले: "कृपया दाखल क्रमांक कळवावा." अकरा कार्डे परत आली. जवळच्या सहा ग्रंथालयांत ते दोन महिन्यांनी स्वतः गेले आणि साध्या वाचकासारखे ते पुस्तक मागितले. दोन ठिकाणी ते मिळाले, चार ठिकाणी "बघावे लागेल" असे उत्तर आले. त्या चौकशीने त्यांतल्या तीन ठिकाणी ढिगातून पुस्तक बाहेर निघाले. ही भेट फुलांच्या गुच्छाहून कष्टाची आहे, हे मी मान्य करतो. शिवाय टपालाचा खर्च आहेच. पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान लेखकाच्या पाठीवरचा हा बोजा वाढला होता. म्हणूनच तो मित्रांनी उचलावा.

सहावे काम माझ्याकडे होते आणि ते मला सर्वांत अवघड गेले. पुस्तक शेवटपर्यंत वाचून लेखिकेला चार पानी पत्र लिहायचे: कोणत्या तीन कविता पुन्हा वाचाव्याशा वाटल्या आणि का, कोठे शब्द सैल पडला, कोणती कविता नसती तरी चालले असते. "छान झालंय" हे दोन शब्द टाळण्याची अट आम्हीच घातली होती. मी लिहिले की इस्पितळातल्या रात्रपाळीच्या कविता तिच्या स्वतःच्या आहेत, आणि निसर्गाच्या बहुतेक इतरांच्या वाचनातून आलेल्या आहेत. आठ दिवस तिचे उत्तर आले नाही. मग आले, एका ओळीचे: "फादर, राग आला होता, आता वही काढली आहे." पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला दुसऱ्या पुस्तकाकडे नेणारी एवढीच वाट मला ठाऊक आहे.

या सगळ्याने चमत्कार झाला नाही. तीनशे प्रतींपैकी वर्षभरात १७० विकल्या गेल्या, ग्रंथालयांच्या चाळीस त्यांतच धरून. अनोळखी वाचकांची नऊ पत्रे आली. मित्रांचे कष्ट सुमार पुस्तकाला चांगले करू शकत नाहीत, आणि करू पाहूही नये. ते फक्त चांगल्या पुस्तकाला खाटेखालून बाहेर काढू शकतात.

आपल्या समाजाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, पुढे आणखी दोनदा त्याच शतकात छापले गेले. आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हाताने उतरवून घेणाऱ्या वाचकांमुळे. छापखान्याने जे राखले नाही, ते बोरू हाती घेऊन बसलेल्या, नावे विसरलेल्या माणसांनी राखले. त्यांनी पुराणकाराला शाल दिल्याचे ऐकिवात नाही.

येत्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामांतून पुन्हा प्रकाशनांची निमंत्रणे येतील. कृपा करून प्रेमाची प्रत मागू नका, आणि व्यासपीठाकडे शाल घेऊन येऊ नका. पाकिटात एक चिठ्ठी घाला; त्यावर एक काम लिहा आणि खाली तारीख घाला. माझ्या शिक्षक मित्राच्या २२० प्रतींपैकी वाळवीतून वाचलेल्या १९० प्रती आता माझ्या कार्यालयात आहेत. एकतिसाव्या शालीची ही माझी परतफेड आहे. पत्ते लिहायला रविवारी दुपारी कोणी येईल, तर टेबलावर पेनही आहे आणि डिंकही.